भाडेकरू फ्लॅटमधून व्यवसाय चालवतोय: घरमालकाने निरोप कसा पाठवावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर राहायला दिलं होतं आणि आता तिथे माल येतो, माणसं येतात, दारात कुरिअरवाले उभे असतात. अशा वेळी घरमालक भाडेकरूला जो पहिला लेखी निरोप पाठवतो, त्यावर पुढचं बरंच काही ठरतं. घरमालक-भाडेकरूंच्या वादांचे कागद मी बरीच वर्षं बघतो आहे. मुद्दा घरमालकाच्या बाजूचा असूनही पहिल्या निरोपामुळे तो अडकला, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. म्हणून खालच्या उत्तरांचा भर त्या निरोपावरच आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे. तिसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट, 1 जूनपासून 24 महिन्यांचा करार, भाडं दर महिन्याच्या 5 तारखेला. भाडेकरू म्हणजे एक जोडपं. भाडं वेळेवर देणारं, शेजाऱ्यांशी नीट वागणारं. फेब्रुवारीच्या शेवटी खालच्या मजल्यावरून घरमालकाला फोन आला की लिफ्ट सतत खोक्यांनी भरलेली असते.

तक्रार आली. लगेच निरोप पाठवू का?

नको. आधी स्वतःला काय माहीत आहे आणि काय फक्त कानावर आलंय, ते वेगळं करा.

आमच्या उदाहरणातल्या घरमालकाने नेमकी हीच चूक केली. फोन ठेवला आणि रात्री पावणेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं: "तुम्ही माझ्या घराचं दुकान केलंय. हे चालणार नाही. आठ दिवसांत घर खाली करा." सकाळी उत्तर आलं: "कसलं दुकान? आम्ही घरून काम करतो. आजकाल सगळेच करतात."

या उत्तरावर घरमालकाकडे बोलायला काहीच नव्हतं. त्याने काय पाहिलं होतं? काहीच नाही. कराराचं कोणतं कलम मोडलं? त्याने करार उघडलाच नव्हता. आठ दिवस कुठून आले? रागातून. शिवाय आता भाडेकरू सावध झाला होता, आणि "मालक वाटेल तेव्हा घर खाली करायला सांगतात" हे दाखवायला त्याच्याकडे एक लेखी निरोप होता. तो निरोप पुसून टाकता येत नाही. त्याच्यावर नीट लिहिलेला दुसरा निरोपच पाठवावा लागतो.

करारात नेमकं काय शोधायचं?

वापराचं कलम. बहुतेक करारांत ते असतं, पण त्याचे शब्द सारखे नसतात आणि सगळा फरक त्या शब्दांतच असतो. "सदनिका फक्त भाडेकरू व त्याच्या कुटुंबाच्या निवासासाठी वापरली जाईल" असं एकच वाक्य असेल, तर वाद होतो तो 'निवास' या शब्दावर. घरात बसून चार तास हिशेब लिहिणारा माणूस तिथे राहतच असतो. याउलट "लेखी परवानगीशिवाय कोणताही व्यापार, व्यवसाय वा मालाची साठवण करणार नाही" असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर तुमची बाजू पक्की आहे, विशेषतः मालाच्या बाबतीत.

त्याच बैठकीत आणखी तीन गोष्टी बघून घ्या. करार मोडला तर आधी नोटीस द्यायची का आणि किती दिवसांची. पाहणीसाठी घरात येण्याचा अधिकार आहे का आणि किती आधी कळवायचं. नोटीस कोणत्या पत्त्यावर, कशा मार्गाने पाठवायची. ही शेवटची ओळ कोणी वाचत नाही आणि पुढे तीच आडवी येते.

आमच्या उदाहरणात कलम 7 मध्ये निवासाचाही उल्लेख होता आणि 'मालाची साठवण' हे शब्दही होते. पाहणीसाठी 24 तास आधी लेखी कळवायचं होतं. नोटीस लेखी हवी, पोच घेऊन, असं कलम 15 मध्ये होतं.

लॅपटॉपवर घरून काम करणं हाही व्यवसायच ना?

शब्दशः पाहिलं तर हो, पण त्याच्यावर निरोप पाठवू नका. घरात बसून लिहिणं, डिझाईन करणं, फोनवर सल्ला देणं, नोकरीचं काम करणं यामुळे घर घरच राहतं. तिथे कोणी येत नाही, माल साठत नाही, आवाज होत नाही, इमारतीवर ताण पडत नाही. असं काम करारभंग आहे असं म्हणणारा घरमालक कुठेही हट्टी ठरतो. अनेक ठिकाणचे न्यायाधीश आणि मध्यस्थही घराचं मूळ स्वरूप बदललं आहे का, हाच प्रश्न विचारतात.

स्वरूप बदललं की नाही हे मी चार गोष्टींवरून ताडतो. बाहेरची माणसं कामासाठी नेमाने येतात का, मग ती गिऱ्हाइकं असोत, विद्यार्थी असोत की पगारी मदतनीस. घराचा एखादा भाग राहण्यासाठी उरलेलाच नाही का. माल, यंत्रं, रसायनं, गॅस यांचा साठा आहे का. आणि हा पत्ता व्यवसायाचा पत्ता म्हणून जगाला दिला आहे का, म्हणजे पाटी, जाहिरात, परत पाठवण्याचा पत्ता, नोंदणी. यातली एकच गोष्ट असेल तर बोलून सुटतं. तीन असतील तर निरोप लिहायची वेळ आली आहे.

संध्याकाळी दोन मुलांची शिकवणी मधेच येते. तिथे मी घरमालकाला आधी फोन करायला सांगतो.

पुरावा म्हणून काय धरावं?

तारीख, वेळ आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट. एवढ्यावर बहुतेक काम भागतं.

पहिल्या निरोपाचा पोपट झाल्यावर आमच्या घरमालकाने एक वही केली. 3 मार्चला खालच्या शेजाऱ्यांनी तक्रार लेखी दिली, कारण त्यांना तसं नम्रपणे सांगितलं होतं. 6 मार्चला इमारतीच्या व्यवस्थापनाचं पत्र आलं: लिफ्ट दोनदा बंद पडली, दोन्ही वेळा आत खोकी होती. 9 मार्चला घरमालक स्वतः खाली अंगणात अकरा ते एक थांबला. त्या दोन तासांत तीन वेगवेगळ्या कुरिअरच्या गाड्या तिसऱ्या मजल्यावरून पार्सलं घेऊन गेल्या. 11 मार्चला कपडे विकणाऱ्या एका ऑनलाइन पानावर "माल परत पाठवण्याचा पत्ता" म्हणून हाच फ्लॅट क्रमांक दिसला. त्या पानाचं तारखेसह चित्र त्याने ठेवून घेतलं. 13 तारखेला लेखी कळवून 14 मार्चला तो पाहणीसाठी घरात गेला. दुसऱ्या बेडरूममध्ये पलंगाऐवजी लोखंडी मांडण्या, त्यांवर छतापर्यंत खोकी, मध्ये पॅकिंगचं टेबल आणि दोन मदतनीस बायका. भाडेकरूनेच सांगितलं की त्या रोज दहा ते सहा येतात.

यात शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. पाहणीत वाद घालू नका, विचारा. माणसं सहज सांगून जातात, कारण त्यांना स्वतःला ते चूक वाटत नसतं.

भाडेकरू घरी नसताना माझ्याकडच्या किल्लीने आत जाऊन फोटो काढू का?

नाही. भाड्याने दिलेलं घर मुदतीपुरतं त्याचं घर असतं. न कळवता आत गेलात तर करार मोडणारे तुम्ही ठरता आणि तुमच्या प्रत्येक फोटोवर हा डाग राहतो. जिन्यात त्याच्या दाराकडे तोंड करून कॅमेरा लावणं, वॉचमनला पाळत ठेवायला सांगणं, येणाऱ्या बायकांना अडवून चौकशी करणं हेही त्यातच येतं.

मग निरोपात काय लिहायचं?

चार गोष्टी लिहायच्या: करारातलं कलम, मी काय पाहिलं, काय थांबवायचं आणि कोणत्या तारखेपर्यंत. पाचवी गोष्ट सहसा विसरते. काय चालू ठेवायला हरकत नाही, तेही लिहा. त्याने भाडेकरूच्या मनातली भीती कमी होते आणि "मालकाला घरात बसून काम केलेलंही चालत नाही" असं म्हणायला जागा उरत नाही.

आमच्या घरमालकाचा दुसरा निरोप, 18 मार्चचा, असा होता:

"विषय: करारातील कलम 7, सदनिकेचा निवासाव्यतिरिक्त वापर.

नमस्कार. 1 जून रोजी झालेल्या आपल्या करारातील कलम 7 नुसार ही सदनिका आपल्या कुटुंबाच्या निवासासाठी आहे. लेखी परवानगीशिवाय तिथे व्यापार किंवा मालाची साठवण करता येत नाही. अशी परवानगी मी दिलेली नाही.

14 मार्च रोजी, आदल्या दिवशी लेखी कळवून, मी पाहणीसाठी आलो होतो. तेव्हा दुसऱ्या खोलीत विक्रीच्या कपड्यांची खोकी व पॅकिंगचं टेबल होतं. दोन मदतनीस काम करत होत्या व त्या रोज सकाळी दहा ते संध्याकाळी सहा येतात असं आपण सांगितलंत. 11 मार्च रोजी विक्रीच्या पानावर माल परत पाठवण्यासाठी या सदनिकेचा पत्ता दिलेला होता. लिफ्टबद्दल इमारतीच्या व्यवस्थापनाने 6 मार्चला मला पत्र दिलं आहे, त्याची प्रत सोबत जोडली आहे.

हा वापर कलम 7 च्या विरुद्ध आहे. मदतनिसांचं इथलं काम व पार्सलांची ने-आण 25 मार्चपर्यंत बंद करावी. साठवलेला माल, मांडण्या व टेबल 17 एप्रिलपर्यंत हलवावं आणि पानावरचा पत्ताही तोवर बदलावा. आपण स्वतः लॅपटॉपवर वा फोनवर ऑर्डरी व हिशेबाचं काम घरातून करत राहिलात तर त्याला माझी हरकत नाही.

यातलं काही मी चुकीचं समजलो असेन, किंवा माल हलवायला याहून जास्त वेळ लागणार असेल, तर 25 मार्चपर्यंत लेखी कळवावं. 18 एप्रिलला सकाळी 11 वाजता मी पाहणीला येईन. वेळ सोयीची नसेल तर दुसरी सुचवावी.

28 फेब्रुवारीच्या रात्री पाठवलेला माझा निरोप मी मागे घेतो. करार व कायद्याने मला असलेले हक्क राखून हे पत्र पाठवत आहे."

या पत्रात 'दुकान', 'फसवणूक', 'बघून घेईन' असं काही नाही. घर खाली करण्याचाही उल्लेख नाही, आणि तो मुद्दाम टाळला आहे. जो भंग सुधारता येतो, तो सुधारायची संधी आधी दिली पाहिजे, हा अनेक देशांच्या कायद्यांतला जुना धागा आहे. इंग्लंडच्या 1925 च्या मालमत्ता कायद्यातलं कलम 146 घरमालकाला सांगतं की भाडेपट्टा रद्द करण्याआधी नोटिशीत नेमका भंग लिहा आणि तो सुधारता येण्याजोगा असेल तर सुधारायला सांगा. भारतातल्या 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 114अ चा आशयही साधारण तसाच आहे. प्रत्येक करार या कलमांखाली येतो असं नाही, स्थानिक भाडेकायदे वेगळे असतात, पण निरोपाचा साचा म्हणून हा क्रम कुठेही उपयोगी पडतो.

मागे घेतलेल्या निरोपाचं वाक्य लिहायला घरमालक तयार नव्हता. मला ते फार गरजेचं वाटलं. दोन परस्परविरोधी निरोप भाडेकरूच्या हातात असले, एकात आठ दिवसांत घर खाली करा आणि दुसऱ्यात महिनाभर मुदत, तर पुढे कोणता धरायचा यावरच वाद सुरू होतो.

मुदत किती द्यावी?

करारात लिहिली असेल ती, आणि ती लिहिलेली नसेल तर कामाला खरोखर लागेल तेवढी. माणसं येणं थांबवायला आठवडा पुरतो. खोलीभर माल हलवायला जागा शोधावी लागते, म्हणून तिथे महिना. मी म्हणूनच सगळ्याला एकच तारीख देत नाही. वेगवेगळ्या गोष्टींना वेगवेगळ्या तारखा दिल्या की पहिल्या आठवड्यातच समोरच्याचा मनोदय कळतो. ज्वलनशील वस्तू, मोठे गॅस सिलिंडर, वायरिंगवर जादा भार असं काही असेल तर मात्र ते त्याच दिवशी थांबवायला सांगा आणि इमारतीच्या व्यवस्थापनालाही कळवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर चालतं का?

करारात पोच घेऊन लेखी असं म्हटलं असेल तर पत्र द्या, पोचेवर सही घ्या आणि त्याच पत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप किंवा ईमेलवरही पाठवा. सही द्यायला भाडेकरू नाही म्हणाला तर पोच मिळणाऱ्या टपालाने पाठवा. केवळ चॅटवरच्या निरोपात एक अडचण आहे: तो एका लांब संभाषणाचा भाग होतो. वर नळाच्या गळतीबद्दल बोलणं, खाली सणाच्या शुभेच्छा, आणि मध्ये करारभंग. वाचणाऱ्याला ती नोटीस वाटतच नाही.

करारावर दोघांची नावं असतील तर पत्र दोघांच्या नावाने द्या. आमच्या उदाहरणात पहिला निरोप फक्त नवऱ्याला गेला होता. व्यवसाय प्रत्यक्षात बायको चालवत होती, आणि तिने तो निरोप पाहिलाही नव्हता.

निरोप पाठवल्यावर भाडं घेऊ की नको?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. निरोप पाठवण्याआधी त्याचा विचार करा, कारण भाड्याची तारीख थांबत नाही. आमच्याकडे ती 5 एप्रिलला आलीच.

अडचण अशी. घरमालकाला करारभंग माहीत आहे आणि तरीही तो त्यानंतरचं भाडं घेतो, तर त्याने करार चालू ठेवायचं ठरवलं असा अर्थ काढला जाऊ शकतो. भारताच्या 1882 च्या कायद्यात कलम 112 नेमकं हेच सांगतं: जप्तीनंतर, म्हणजे भंगामुळे पट्टा रद्द होण्याची वेळ आल्यानंतर, देय झालेलं भाडं घरमालकाने जाणूनबुजून स्वीकारलं तर त्याने रद्द करण्याचा हक्क सोडला असं धरतात. दावा दाखल झाल्यानंतर घेतलेल्या भाड्याला मात्र हे लागू होत नाही. इंग्लंडमध्ये तर "हक्क राखून भाडं घेत आहे" असं लिहूनही उपयोग होत नाही, असे निकाल आहेत.

यातून अनेक घरमालक घाबरून भाडं परत पाठवतात. तेही घाईत करू नका. एक म्हणजे, आमच्यासारख्या प्रकरणात घरमालकाला करार रद्द करायचाच नसतो, व्यवसाय थांबायला हवा असतो. तसं असेल तर भाडं घ्या, पावती द्या, आणि पावतीसोबत एक ओळ लिहा की 18 मार्चच्या पत्रातली मागणी कायम आहे. दुसरं म्हणजे, घराचा चुकीचा वापर ही एकदा घडून संपलेली गोष्ट नसते. माल आज आहे, उद्या आहे, परवा आहे. अशा चालू राहणाऱ्या भंगात घेतलेलं भाडं फार तर त्या दिवसापर्यंतचा हक्क बाधतं. त्यानंतरही वापर तसाच राहिला तर प्रश्न पुन्हा उभा राहतो. पण करार संपवायचाच असं मनात पक्कं असेल, तर पुढचं भाडं घेण्याआधी वकिलाला विचारा. नंतर विचारून उपयोग नाही.

घरमालकाने 5 एप्रिलचं भाडं घेतलं आणि ती एक ओळ लिहिली. पुढे ती उपयोगी पडली.

भाडेकरू म्हणतो, "तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

हे खरं असेल तर तुमची बाजू कमकुवत आहे आणि ते आधी स्वतःशी कबूल करा. मागे कधी घरी गेला होतात, खोकी दिसली होती, "व्यवसाय छान चाललाय" असं म्हणाला होतात, तर त्याचा अर्थ संमती असा लावला जाऊ शकतो. मग निरोपाचा सूर बदलतो. "हे आत्ता कळलं" असं लिहू नका. त्याऐवजी लिहा की आधी थोडं काम होतं तेव्हा मी हरकत घेतली नाही, पण आता माणसं आणि माल यांमुळे वापराचं स्वरूप बदललं आहे आणि इथून पुढे कराराप्रमाणे वापर व्हावा. मुदतही थोडी जास्त द्या. खोटं लिहिलेलं एक वाक्य सापडलं की बाकीच्या खऱ्या वाक्यांवरचाही विश्वास उडतो.

पण मला नुकसान काय? भाडं तर वेळेवर येतंय.

विमापत्र काढून वाचा. घराचा विमा निवासी वापर गृहीत धरून दिलेला असतो. आत व्यापारी माल भरला आहे आणि विमा कंपनीला सांगितलेलं नाही, अशा घरात आग लागली तर दावा नाकारला जाण्याचा धोका असतो. घरावर कर्ज असेल तर कर्जाच्या अटींतही निवासी वापराचं कलम असू शकतं. इमारतीचे नियम मोडल्याचा दंड बहुतेक ठिकाणी मालकाच्या नावावर लागतो, भाडेकरूच्या नाही. आणि काही भागांत निवासी जागेचा व्यापारी वापर झाला तर कर, वीज आणि पाण्याचा दर बदलतो.

हे भाडेकरूलाही सांगा. त्याच्या मालालाही तुमच्या विम्याचं संरक्षण नसतं, हे बहुतेकांना माहीतच नसतं.

मला परवानगीच द्यायची असेल तर?

द्या, पण तोंडी नको आणि मोकळी नको. कोणता व्यवसाय, घराच्या कोणत्या भागात, किती माणसं, कोणत्या वेळेत, पार्सलं दिवसातून किती, आणि ही परवानगी किती नोटीस देऊन मागे घेता येईल, हे पुरवणी करारात लिहा. आधी इमारतीच्या व्यवस्थापनाला आणि विमा कंपनीला विचारा. त्यांनी नाही म्हटलं तर तुमच्या परवानगीला अर्थ नाही. जास्त भाडं मिळेल म्हणून आधी होकार देऊन नंतर हा शोध घेणारे घरमालक दोन्हीकडून अडकतात.

राग आला म्हणून वीज-पाणी बंद केलं, कुलूप बदललं तर?

करू नका. बहुतेक ठिकाणी हा वेगळा गुन्हा किंवा वेगळ्या दाव्याचं कारण ठरतो, आणि मूळ करारभंग बाजूला पडतो.

अनामत रकमेतून कापून घेऊ का?

व्यवसाय केला म्हणून दंड, असं नाही. मांडण्यांनी भिंतीला पडलेली भोकं, खोकी ओढून ओरखडलेली फरशी, इमारतीने लावलेला दंड यांची बिलं असतील तर करारानुसार हिशेब होतो, आणि तोही घर सोडताना. त्यासाठी 14 मार्चच्या पाहणीत भिंती-फरशीचे फोटो भाडेकरूसमोर काढून ठेवलेले बरे.

मुदत संपली आणि अर्धंच काम झालं. आता?

आमच्या उदाहरणात असंच झालं. भाडेकरूने 24 मार्चला उत्तर दिलं: मदतनीस थांबवते, पण माल हलवायला तीन महिने हवेत. घरमालकाला हा उशीर करण्याचा डाव वाटला. मी त्याला एकच प्रश्न विचारायला लावला: माल कुठे हलवताय? तिने एका गाळ्याचं नाव आणि तो 1 मेपासून मिळणार असल्याचं लेखी कळवलं. मग 17 एप्रिलची तारीख 5 मेपर्यंत वाढवली, तीन महिने नाहीत. वाढवलेली तारीख, मधल्या काळात नवा माल येणार नाही ही अट, आणि बाकी पत्र कायम, एवढं अर्ध्या पानावर लिहून दोघांनी सह्या केल्या.

18 एप्रिलच्या पाहणीत मदतनीस नव्हत्या, टेबल होतं, खोकी निम्मी झाली होती. 6 मेला खोली रिकामी. पानावरचा पत्ता मात्र तसाच होता आणि परत आलेली पार्सलं दारात पडत होती. इथे पुन्हा लांब पत्राची गरज नव्हती. घरमालकाने 18 मार्चच्या पत्राचा उल्लेख करून दोन ओळी पाठवल्या: बाकी सगळं झालं, धन्यवाद, पत्ता अजून बदलायचा आहे, तो 13 मेपर्यंत बदलावा. 10 तारखेला बदलला.

समजा काहीच झालं नसतं, तर पुढचा निरोप 18 मार्चच्या पत्रासारखाच लिहायचा नाही. त्यात फक्त दिलेल्या तारखा, त्या तारखांना काय दिसलं आणि करारातलं भंगानंतरचं कलम एवढंच येतं, आणि तो वकिलाकडून जावा. तोवर तुमच्या फाइलमध्ये करार, वही, 13 मार्चची पाहणीची सूचना, 18 मार्चचं पत्र, त्याची पोच, भाडेकरूचं उत्तर आणि भाड्याच्या पावत्या क्रमाने लावलेल्या असल्या पाहिजेत. वकील पहिल्या भेटीत हेच मागतो.

आमच्या घरमालकाला ही फाइल वकिलाकडे न्यावी लागली नाही. जोडपं कराराची मुदत संपेपर्यंत तिथेच राहिलं. ती बाई तोवर संध्याकाळी हॉलमध्ये बसून लॅपटॉपवर ऑर्डरी बघत राहिली, आणि पार्सलं गाळ्यातून निघत राहिली.